वायफायचं विरजण

आठवड्यातून तीनदा रात्री नऊला माझी मीटिंग असते, अमेरिकेतल्या टीमबरोबर, आणि साधारण जूनपासून असं व्हायला लागलं की मी बोलत असताना समोरचे लोक पुतळ्यासारखे थिजायचे, मग एकदम चौघं एकत्र बोलायचे, आणि मग कोणीतरी म्हणायचं की तुझा आवाज विहिरीतून येतोय. दिवसा काही नाही. दुपारी दोनला तेच नेट मक्खन चालायचं. कस्टमर केअरला फोन केला तर मुलगा म्हणाला मॅडम लाईन क्लिअर दिसतेय, राउटर बंद करून चालू करा. ते मी त्याला फोन करायच्या आधीच चार वेळा केलं होतं, सगळेच करतात.

तर एके रात्री मीटिंग सुरू असतानाच मी बाजूला कमांडची काळी खिडकी उघडली आणि हे टाकलं:

```
ping -t 192.168.1.1
```

हा आमच्या राउटरचा पत्ता. म्हणजे बाहेरच्या इंटरनेटचा संबंधच नाही, माझा लॅपटॉप फक्त आतल्या खोलीतल्या डब्याला हाक मारणार आणि डबा ओ देणार. दुपारी हे करून बघितलं होतं तेव्हा उत्तर यायला दोन-तीन मिलिसेकंद लागत होते. रात्री सव्वानऊला १८०, मग २४०, मग एखादं उत्तर गायबच. इथे मला पहिल्यांदा कळलं की कस्टमर केअरचा तो पोरगा खरं बोलत होता. गडबड बाहेरच्या तारेत नव्हती, घरातल्या हवेत होती.

आणि मग साहजिकच माझा संशय वर गेला. वर म्हणजे वरच्या मजल्यावर. आमची सोसायटी कर्वेनगरची, जुनी, चार मजल्यांची, आणि आमच्या डोक्यावर जूनमध्येच तीन पोरं भाड्याने राहायला आली होती, हिंजवडीला जाणारी, रात्री दोनपर्यंत खुर्च्या सरकवणारी. जून आणि जून. गणित सुटलं असं मला वाटलं. नवऱ्याला म्हटलं, ही पोरं आपलं नेट वापरतायत. तो म्हणाला, त्यांच्याकडे स्वतःचं तुझ्यापेक्षा भारी नेट असेल. मी ऐकलं नाही.

राउटरच्या पानावर शिरले. ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकायचा, आणि युजरनेम-पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. आमच्याकडे तो चार वर्षांपूर्वी लाईन टाकायला आलेल्या मुलाने ठेवला तोच होता, म्हणजे `admin` आणि `admin`. वायफायचा पासवर्ड म्हणजे माझा मोबाईल नंबर. मोबाईल नंबर मीच दिला होता, म्हणजे त्याने विचारलं "पासवर्ड काय ठेवू, नंबर ठेवू का?" आणि मी पोळ्या लाटता लाटता हो म्हटलं. माझा नंबर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे, इस्त्रीवाल्याकडे आहे, दूधवाल्याकडे आहे. वायफायचं नावही आडनाव आणि पुढे फ्लॅट नंबर. अजून काय पाहिजे, कुलपाच्या शेजारीच किल्ली टांगलेली.

आत जोडलेल्या उपकरणांची यादी होती. चौदा. मी बोटं मोजायला लागले, चार फोन (माझा, नवऱ्याचा, लेकीचा, आईंचा, आई म्हणजे सासूबाई), दोन लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन, गिझरचा वायफाय प्लग, दारावरचा कॅमेरा. दहा. म्हणजे चार जास्त! माझं डोकं फिरलं. पण इथेच बहुतेक लोक चुकतात, मी पण चुकले, म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिलं म्हणजे मी जी यादी बघत होते ती डीएचसीपीची होती, म्हणजे राउटरने कोणाकोणाला पत्ता वाटला त्याची वही. पत्ता वाटला की तो ठराविक वेळेपुरता त्या उपकरणाच्या नावावर राहतो, आमच्याकडे चोवीस तास, आणि उपकरण निघून गेलं तरी वहीत नाव तसंच. चारातलं एक नाव माझ्या भावाच्या फोनचं निघालं, तो आदल्या संध्याकाळी येऊन उकडीचे मोदक खाऊन गेला होता. आत्ता हवेत खरोखर कोण बोलतंय हे बघायचं तर वायरलेस सेक्शनमधली वेगळी यादी बघावी लागते.

दुसरं जास्त फसवं आहे. प्रत्येक उपकरणाला बारा अक्षरं-अंकांचा मॅक ॲड्रेस असतो आणि त्यातल्या पहिल्या सहांवरून बनवणारी कंपनी कळते, हे मला माहीत होतं. पण यादीत एक होता `6E:3B:51:0C:92:F4` आणि तो कुठल्याच कंपनीचा निघेना, मला वाटलं सापडला चोर, वरच्या पोरांनी मुद्दाम लपवलाय. तसं नव्हतं. दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता बहुतेक करून उपकरणाने स्वतः तयार केलेला बनावट असतो, आणि आजकालचे फोन हे आपणहून करतात, अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून, दुकानांच्या वायफायनी आपला माग काढू नये म्हणून. आणि अँड्रॉइड फोन प्रत्येक वायफायच्या नावासाठी वेगळा पत्ता बनवतो. आमच्या राउटरवर दोन नावं आहेत, एक साधं २.४ गिगाहर्ट्झवालं आणि दुसरं ५ गिगाहर्ट्झवालं, शेवटी 5G लावलेलं, म्हणजे नवऱ्याचा एकच फोन हॉलमध्ये एका पत्त्याने आणि बेडरूममध्ये दुसऱ्या पत्त्याने हजेरी लावत होता. लेकीचाही तसाच. फोनच्या सेटिंगमध्ये त्या वायफायचे तपशील उघडले की तो पत्ता दिसतो, तिथे जाऊन एकेक जुळवून पाहिला. दोन चोर घरातलेच निघाले.

उरला एक. त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून एका टीव्ही बनवणाऱ्या कंपनीचं नाव आलं आणि त्या कंपनीचा टीव्ही आमच्याकडे नाही.

तरीही मला शंभर टक्के खात्री हवी होती, कारण हल्ली काय कशात वायफाय असतं सांगता येत नाही, मागे गिझरच्या प्लगचं नाव यादीत भलत्याच चिपवाल्या कंपनीचं दिसत होतं आणि मी दोन दिवस त्याला हॅकर समजत होते. तर आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते म्हणून राउटरला छोटा यूपीएस घेतलेला आहे, हजार-बाराशेचा, बारा व्होल्टचा डबा. त्याचा उपयोग असा होईल असं वाटलं नव्हतं. शुक्रवारी रात्री सव्वाआठला मी घराचा मेन स्विच पाडला. आई देवघरातून ओरडल्या, लाईट गेली का गं? म्हटलं नाही, मी घालवली. मग सगळ्यांचे फोन विमानवाल्या मोडवर टाकले, नवऱ्याचा लॅपटॉप मिटला, माझा लॅपटॉप बॅटरीवर, वायफाय बंद करून केबलने राउटरला जोडला. म्हणजे आता आमच्या घरातलं हवेतून बोलणारं काहीही जिवंत नाही. मेणबत्तीच्या उजेडात वायरलेसची यादी रिफ्रेश केली, नावं एकेक करून पुसली गेली, मिनिटभराने एकच ओळ उरली.

तो टीव्ही. आमच्या घरात अंधार आणि आमच्या राउटरवर कोणीतरी सिरीयल बघतंय. खरं सांगते, अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी हसूही.

त्या ओळीत शेवटी सिग्नलचा आकडा होता, वजा ७९. हा आकडा नेहमी उणे असतो आणि जितका उणे मोठा तितका सिग्नल क्षीण. आमच्या लॅपटॉपचा वजा ४५ च्या आसपास असतो, कोरड्या बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचा, जे राउटरपासून सगळ्यात लांब, त्याचा वजा ६६. म्हणजे हा त्याच्याही पलीकडचा, दोन-तीन भिंती ओलांडून. पण कुठल्या दिशेच्या भिंती हे राउटर सांगत नाही. वर, खाली, शेजारी, काहीही. मी अर्थातच छताकडे बघितलं.

आता इतका लांबचा एक टीव्ही माझी मीटिंग कशी खातो, हे मला आधी कळत नव्हतं, कारण आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आणि टीव्हीवर एखादी सिरीयल बघायला त्यातले पाच-दहा पुरतात. पण प्रश्न प्लॅनचा नव्हताच. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे थांबतात. जवळचा लॅपटॉप भराभर बोलून मोकळा होतो. लांबचा, क्षीण सिग्नलचा टीव्ही तेवढाच मजकूर हळूहळू, अडखळत, ऐकू नाही गेलं तर पुन्हा, असा पाठवून घेतो आणि तोपर्यंत सगळे ताटकळतात. बँकेच्या खिडकीवर पुढे एखादे आजोबा सुट्टी नाणी मोजत असावेत तसं. आणि माझा लॅपटॉप त्याच २.४ वर होता, कारण तेच नाव आधीपासून सेव्ह होतं.

नवरा म्हणाला जाऊ दे ना, एक टीव्ही तर आहे, तू लॅपटॉप फाईव्हवर टाक आणि विषय संपव. अर्धं बरोबर होतं त्याचं. पण २००८ चं मला आठवत होतं, अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या आधी काही मिनिटं धमकीचा मेल आला होता, तो सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून गेला होता. त्याचा काही संबंध नव्हता, तरी पोलिस आधी त्याच्याच दारात, कॉम्प्युटर जप्त, चौकशी. कारण बाहेरच्या जगाला राउटरच्या आत कोण आहे ते दिसत नाही, कनेक्शन ज्याच्या नावावर तो दिसतो. आमच्याकडे कनेक्शन माझ्या नावावर. नवऱ्याच्या नाही.

मग मी जे केलं ते आधी चुकीच्या क्रमाने केलं. त्या टीव्हीच्या नावापुढे ब्लॉकचं बटण होतं, ते दाबलं. टीव्ही गेला. मी विजयी मुद्रेने झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायरलेसच्या यादीत नवीनच एक, बनावट पत्त्याचा, सिग्नल वजा ७७. म्हणजे त्यांच्या घरी टीव्ही चालेना म्हणून कोणीतरी फोनवर लावलं असणार. ब्लॉक म्हणजे वॉचमनला एक चेहरा दाखवून ठेवण्यासारखं आहे, किल्ली त्यांच्याकडेच, ते दुसऱ्या चेहऱ्याने येतात, आणि फोन तर पत्ताही बदलू शकतो. किल्लीच बदलायला हवी.

आणि इथे वायफायच्या पासवर्डची एक मोठी गोची आहे, की घरच्या वायफायला सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड असतो. एकट्याकडून तो काढून घेता येत नाही. सगळ्यांचाच बदलायचा. विरजणासारखं आहे हे, शेजारी चमचाभर दिलं की त्यांचं त्यांचं दही लागतं, त्या पुढे तिसऱ्या घरी देतात, आणि तुम्हाला पत्ताही नसतो की तुमचं विरजण कुठवर गेलंय.

रविवारी बसले. केबल लावून, कारण वायफायवरून बदललं तर बदलल्या क्षणी आपणच बाहेर फेकले जातो आणि नीट सेव्ह झालं की नाही कळत नाही. आधी राउटरच्या पानाचा `admin` बदलला. हे आधी, कारण जो आत आहे त्याला जर हे पान उघडता येत असेल तर नवीन वायफाय पासवर्ड त्याला तिथेच वाचता येतो. मग डब्ल्यूपीएस बंद केलं, ते पासवर्ड न टाकता उपकरण जोडायचं, राउटरवरचं बटण आणि आठ आकडी पिनवालं प्रकरण. त्या पिनमध्ये खोट आहे हे २०११ मध्येच बाहेर आलंय. आठ आकडे दिसायला खूप, पण राउटर पहिले चार आणि उरलेले वेगवेगळे तपासतो, आणि शेवटचा आकडा तर आधीच्यांवरूनच ठरतो, त्यामुळे कोट्यवधीऐवजी फक्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडते. पिन सापडली की तुम्ही पासवर्ड कितीही बदला, जुन्या राउटरमधून नवा पासवर्ड हाती येतो. वरच्या पोरांसाठी मी हे बंद केलं होतं, बरं का.

मग पासवर्ड. आठपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत चालतो. लेक म्हणाली कॅपिटल, डॉलर, हॅशटॅग टाक. मी म्हटलं ते तू आजीच्या टीव्हीच्या रिमोटवर टाईप करून दाखव. शेवटी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द, सगळी इंग्रजी छोटी अक्षरं, मध्ये डॅश. खलबत्ता, शेवगा असल्या जातीचे, नेमके कुठले ते सांगत नाही. पंचवीसच्या वर अक्षरं झाली. मोबाईल नंबरला दहा दिसतात पण पहिला आकडा सहा ते नऊमधलाच, म्हणजे एकूण चारशे कोटी शक्यता, आणि उपकरण जोडलं जाताना राउटरशी जी ओळखपरेड होते तो हँडशेक हवेतून एकदा पकडला की गेमिंगच्या चांगल्या ग्राफिक कार्डावर त्या सगळ्या काही तासांत तपासून होतात. अर्थात माझ्या बाबतीत एवढे कष्ट कोणी घेतले नसते, ग्रुपवर नंबर होताच.

सेव्ह केलं. यादी बघितली. वजा ७७ जागच्या जागी!

पाच मिनिटं मी खरंच हादरले होते. मग लक्षात आलं की मी बदललेला पासवर्ड फक्त 5G वाल्या नावाचा. २.४ चं पान वेगळं, पासवर्डचा रकाना वेगळा, सेव्हचं बटण वेगळं. आणि भिंती ओलांडणारे सगळे २.४ वरच असतात, कारण तेच लांब पोचतं. म्हणजे दार बदलून मी खिडकी उघडी ठेवली होती. तिथेही बदलला, आणि आमच्या राउटरला पाहुण्यांसाठीचं तिसरं नाव होतं तेही बघितलं, ते बंदच होतं. ब्लॉकच्या यादीतून टीव्ही मुद्दाम काढून टाकला, कारण आता तो आला तर पासवर्ड फुटला हे कळायला हवं. यादी रिफ्रेश केली. गेला.

पुढचे तीन तास आमच्याच घरातल्या वस्तूंना पुन्हा आत घेण्यात गेले, त्याचं फार वर्णन करत नाही. फोनला पासवर्ड टाकला की झालं. पण दारावरचा कॅमेरा आणि गिझरचा प्लग यांना पासवर्ड बदलला हे सांगायची सोयच नाही, त्यांचं बटण दहा सेकंद दाबून त्यांना सगळं विसरायला लावायचं आणि ॲपमधून नव्याने बारसं करायचं, तेही फोन २.४ वर ठेवून. सोमवारी सकाळी सगळ्यांनी गार पाण्याने अंघोळ केली.

पण ते सोमवारचं. रविवारी रात्री पावणेआठला बेल वाजली. शेजारच्या काकू. वरची पोरं नाहीत, शेजारच्या काकू, ज्यांच्याकडून आमच्याकडे दर चैत्रात कैरीची डाळ येते त्या.

"अगं, तुमचं नेट चालू आहे का? आमचा टीव्ही गोल गोल फिरतोय नुसता."

मी दारातच. काय बोलावं सुचेना. तेवढ्यात मागून आई म्हणाल्या, "अगं हिने पासवर्ड बदललाय ना आज. ये गं, बस."

म्हणजे आईंना माहीत होतं. झालं असं होतं की मागच्या गणपतीत काकूंचा मुलगा नवीन टीव्ही घेऊन आला होता, काकूंकडे नेट नव्हतं, आणि आईंनी त्याला आमचं दिलं होतं, म्हणजे त्यांनी फोन त्याच्या हातात दिला आणि त्याने वायफायच्या सेटिंगमधून शेअरचा क्यूआर काढून स्वतःच्या फोनने स्कॅन केला. त्या चौकोनात पासवर्ड काही कुलूपबंद नसतो, उलगडून वाचला तर आत सरळ एवढंच असतं:

```
WIFI:T:WPA;S:वायफायचं_नाव;P:पासवर्ड;;
```

मुलाच्या फोनमधून काकांच्या फोनमध्ये, काकांच्या फोनमधून सुट्टीत आलेल्या भाच्याच्या. जूनपासूनच का, तर तेव्हा काकूंनी केबल बंद करून सगळ्या सिरीयल ॲपवर बघायला सुरुवात केली. साडेसात ते साडेदहा. ती वेळ बघूनच मला कळायला हवं होतं, हिंजवडीची पोरं साडेसातला कुठली घरी येतात, आणि आली तरी काय सासू-सुनांच्या मालिका बघतात?

"मला वाटलं हे सोसायटीचं असतं," काकू म्हणाल्या. खरंच तसं वाटलं होतं त्यांना, चेहऱ्यावरून कळत होतं. आणि नंतर त्यांना जी लाज वाटली ती बघून मला माझी वाटली. आई मला नंतर म्हणाल्या, पाणी मागितलं असतं तर नाही म्हणाली असतीस का. मी म्हटलं, आई, पाण्याच्या टाकीवर माझ्या एकटीचं नाव नसतं. त्यांना काही पटलं नाही.

तात्पुरतं मी पाहुण्यांचं नाव चालू करून दिलं. त्याचा पासवर्ड वेगळा, त्यावरून आमच्या कॅमेऱ्यापर्यंत किंवा लॅपटॉपपर्यंत पोचता येत नाही, आणि बंद करायचं तर एकटं तेवढंच बंद करता येतं. हवेची रांग मात्र तीच राहते, काकूंचा टीव्ही तिथेही अडखळतच बोलणार, म्हणून मी लॅपटॉप फाईव्हवर नेला. त्यानंतर मीटिंगमध्ये कोणी थिजलेलं नाही. टीव्ही तर अजून २.४ च्या रांगेतच होता, म्हणजे हा फरक लॅपटॉप हलवल्यामुळेच पडला असणार. नवरा अर्थातच म्हणतो की सगळं फाईव्हमुळेच.

पंधरा दिवसांनी काकूंनी स्वतःचं कनेक्शन घेतलं. मी पाहुण्यांचं नाव बंद केलं. त्या संध्याकाळी माझ्या फोनमध्ये नवीन वायफाय दिसायला लागलं, काकांचं आडनाव, पुढे फ्लॅट नंबर. मी थोडा वेळ त्याकडे बघत बसले आणि मग बेल वाजवली.

"काकू, त्या मुलाने पासवर्ड काय ठेवलाय?"

"ह्यांचा मोबाईल नंबर. सोपा आहे ना, लक्षात राहतो."

"आणि राउटरच्या खाली स्टिकर आहे का बघा बरं."

"आहे की. थांब, चष्मा आणते. तू आत तर ये, चहा टाकते."